न छापलेला गुणतक्ता

फुटबॉलचा गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. हे माप इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात ठरलं. १८६३ च्या पहिल्यावहिल्या नियमांत दोन खांबांमध्ये आठ यार्डांचं अंतर सांगितलं होतं; वरचा आडवा दांडा पुढे आला. ज्यांनी हे माप ठरवलं ते आणि ज्यांच्यासाठी ठरवलं तेही, सगळे वाढ पूर्ण झालेले पुरुष होते. आता या गोलमध्ये दहा वर्षांचा मुलगा उभा करून पाहा. या वयाच्या मुलाची उंची साधारण १३८ सेंटिमीटर असते. त्याच्या आणि गोलच्या उंचीचं जे प्रमाण पडतं, त्याच प्रमाणात १९० सेंटिमीटर उंचीच्या व्यावसायिक गोलकीपरला गोल द्यायचा ठरवला, तर तो दहा मीटर रुंद आणि जवळजवळ ३.३६ मीटर उंच करावा लागेल. १०५ मीटर लांबीचं मैदान १४५ मीटरचं होईल. असला सामना कोणी भरवला, तर पहिल्या दहा मिनिटांतच सगळे खेळाडू पंचांकडे तक्रार घेऊन जातील. मुलं तक्रार करत नाहीत. ती धावत राहतात, आणि काही दिवसांनी मैदानावर यायची बंद होतात.

मुलांना मोठ्यांच्या मापाचा खेळ देऊ नये, हे कळायला इंग्लंडसारख्या फुटबॉलच्या माहेरघरालाही बराच वेळ लागला. हॉवर्ड विल्किन्सन तिथल्या फुटबॉल असोसिएशनचे तांत्रिक संचालक असताना, १९९७ मध्ये, मुलांच्या फुटबॉलसाठी एक आराखडा तयार झाला आणि त्यातून १९९९ च्या सुमारास दहा वर्षांखालच्यांसाठी ‘मिनी-सॉकर’ आलं. एका बाजूला सात खेळाडू, छोटं मैदान, छोटा गोल. पण अंडर-११ च्या हंगामात पाऊल ठेवलं की तोच दहा वर्षांचा मुलगा एकदम अकरा-अकराच्या पूर्ण खेळात जाऊन पडायचा. मधे पायरीच नव्हती. ही पायरी २०१२ मध्ये घातली गेली. निक लेव्हेट या अधिकाऱ्याने देशभर फिरून क्लबांच्या, लीगच्या आणि पालकांच्या सभा घेतल्या आणि त्या वर्षी असोसिएशनच्या सभासदांनी मतदान करून नवी रचना मान्य केली. अंडर-७ आणि अंडर-८ साठी पाच-पाच, अंडर-९ आणि अंडर-१० साठी सात-सात, अंडर-११ आणि अंडर-१२ साठी नऊ-नऊ, आणि अकरा-अकरा त्यानंतर. सोबत एक कलम आलं, ज्यावर सगळ्यात जास्त आरडाओरडा झाला: अंडर-११ पर्यंतच्या सामन्यांचे निकाल आणि गुणतक्ते लीगने प्रसिद्ध करायचे नाहीत.

मैदान आणि खेळाडू यांचं गणित आधी पाहू, कारण तक्त्याचा मुद्दा त्यातूनच निघतो.

मोठ्यांच्या मैदानावर प्रत्येक खेळाडूच्या वाट्याला सरासरी सव्वातीनशे चौरस मीटर जागा येते. पाच-पाचच्या खेळासाठी इंग्लंडमध्ये ४० बाय ३० यार्डांचं मैदान सुचवलेलं आहे, म्हणजे माणशी साधारण शंभर चौरस मीटर. सात-सातला ६० बाय ४० यार्डांच्या मैदानात ही जागा दीडशेच्या थोडी आत राहते, नऊ-नऊला ८० बाय ५० यार्डांत १८५ च्या आसपास. मुलगा वाढतो तसतशी त्याच्याभोवतीची जागा वाढत जाते. सहा-सात वर्षांच्या मुलाला मैदानावर स्वतः आणि चेंडू एवढंच दिसतं; म्हणून सगळी मुलं चेंडूमागे गोळा होतात आणि बाहेरून पालक ‘पसरा, पसरा’ म्हणून ओरडत बसतात. ती पसरत नाहीत, कारण पंचवीस मीटरवर उभ्या असलेल्या मित्रापर्यंत चेंडू पोचवण्याची ताकद त्यांच्या पायात नसते आणि इतक्या लांबचा मित्र त्यांच्या लक्षातही राहत नाही. पोरं कमी केली की घोळका होतो, पण तो चार-सहा जणांचा होतो आणि त्यातून चेंडू बाहेर निघतो. वीस जणांच्या घोळक्यातून तो निघतो तेव्हा कोणीतरी जोरात लाथ घातलेली असते.

वेळेचा हिशेबही सरळ आहे. एखाद्या सामन्यात चेंडू अर्धा तास खेळात राहिला असं समजू. मैदानावर बावीस जण असतील तर प्रत्येकाच्या पायात चेंडू सरासरी ऐंशी-एक सेकंद येतो. दहा जण असतील तर तीन मिनिटं. ही सरासरी झाली. प्रत्यक्षात बावीस जणांत दोन-तीन दांडगी मुलं बहुतेक वेळ चेंडू घेऊन असतात आणि डाव्या कोपऱ्यात उभा केलेला, स्वेटरच्या बाहीशी चाळा करणारा पोरगा अख्ख्या सामन्यात चार-पाच वेळा चेंडूला पाय लावतो. पाच-पाचमध्ये त्याला कोपऱ्यात उभं करायला जागाच नसते.

याची पडताळणी मँचेस्टर युनायटेडने आपल्या अकादमीत केली होती. २००२-०३ च्या सुमारास तिथे नऊ वर्षांखालच्या मुलांना नेहमीच्या आठ-आठऐवजी चार-चारचे खेळ देऊन पाहिले गेले. एकच खेळ नव्हे, त्याचे वेगवेगळे प्रकार: कधी दोन बाजूंना मिळून चार छोटे गोल, कधी गोलऐवजी शेवटची रेषा चेंडूसकट ओलांडायची, कधी गोलकीपर ठेवून. मँचेस्टर मेट्रोपॉलिटन विद्यापीठातल्या संशोधकांनी दोन्ही प्रकारांच्या सामन्यांची चित्रफीत पाहून मोजणी केली. आठ-आठच्या तुलनेत चार-चारमध्ये पास १३५ टक्क्यांनी वाढले, एकास एक अशी गाठ २२५ टक्क्यांनी जास्त वेळा पडली, समोरच्याला चकवण्याच्या युक्त्या २८० टक्क्यांनी वाढल्या, गोलवर मारलेले फटके २६० टक्क्यांनी, आणि गोल ५०० टक्क्यांनी.

हे आकडे प्रशिक्षकांच्या शिबिरांत वर्षानुवर्षं फिरत आहेत, आणि ते सांगताना लोक जरा वाहवत जातात. गोल सहापट झाले यात आश्चर्य काही नाही; चार गोल ठेवले आणि अंतर कमी केलं की गोल होणारच. शिवाय ही मुलं एका बलाढ्य क्लबने निवडून आणलेली होती, वाडीतली सरसकट पोरं नव्हती. माझ्या मते यातला खरा कामाचा आकडा चकवण्याच्या युक्त्यांचा आहे. गोल नियम बदलून वाढवता येतात. समोर उभ्या असलेल्या मुलाला अंगावर घेऊन, त्याला चकवून पुढे जायची हिंमत मात्र नियमाने वाढत नाही. ती वारंवार तशी वेळ आल्यावरच वाढते. आठ-आठमध्ये चेंडू आला की पास देऊन मोकळं होता येतं. चार-चारमध्ये पास द्यायला तिघेच असतात, त्यातल्या दोघांवर कोणीतरी उभं असतं, आणि मग मुलगा काहीतरी करून पाहतो. चुकला तर अर्ध्या मिनिटात चेंडू परत त्याच्याकडे येतो.

छोट्या मैदानाचे नियमही छोट्यांसाठी वेगळे केले गेले. त्यातला एक मला विशेष आवडतो, कारण तो मैदानावर बसून पाहणाऱ्यालाच सुचला असणार. गोलकिकची गोष्ट आहे. आठ वर्षांच्या गोलकीपरने जमिनीवर ठेवलेला चेंडू मारला तर तो दहा-पंधरा मीटर जातो. विरुद्ध बाजूच्या प्रशिक्षकाला हे ठाऊक असतं. तो आपली दोन वेगवान पोरं बरोबर तिथेच उभी करतो. चेंडू आला, घेतला, गोल. पुन्हा गोलकिक, पुन्हा तेच. दहा मिनिटांत सहा-शून्य, आणि जिंकलेल्या बाजूनेही फुटबॉल असा काही खेळलेला नसतो. दुसऱ्या बाजूचा प्रशिक्षक मग उपाय शोधतो: सगळ्यात लांब लाथ मारणारा मुलगा गोलकिक मारायला ठेवायचा आणि चेंडू अर्ध्या मैदानापलीकडे भिरकावून द्यायचा. त्यामुळे गोलजवळून चेंडू पायात घेऊन पुढे कसं यायचं हे दोन्ही बाजू शिकत नाहीत. इंग्लंडच्या नियमात यावर माघार रेषा आली. छोट्या वयोगटांत गोलकिकच्या वेळी विरुद्ध संघाने मैदानाच्या मध्यरेषेपर्यंत मागे सरायचं. गोलकीपर मग शेजारच्या मित्राला साधा पास देऊ शकतो, तो मान वर करून पुढे पाहू शकतो. ऑफसाइडचा नियमही पाच-पाच आणि सात-सातमध्ये लागू नाही. गल्लीत क्रिकेट खेळताना एक टप्पा आऊट आणि कच्चा लिंबू हे नियम आपल्या पोरांनी कोणाला न विचारता केलेच आहेत. संघटित फुटबॉलला तीच अक्कल यायला कागदोपत्री ठराव लागला, एवढंच.

आता तक्ता.

समजा, अंडर-१० चा एक संघ आहे. सात खेळाडू मैदानावर, तीन राखीव. शेवटची दहा मिनिटं उरली आहेत आणि संघ २-१ ने पुढे आहे. राखीव बाकावर एक मुलगा आहे, अंगाने लहान, चेंडूवर चांगली पकड, पण धक्का लागला की पडतो. लीगचा तक्ता दर सोमवारी संकेतस्थळावर लागतो आणि हा संघ दुसऱ्या क्रमांकावर आहे. प्रशिक्षक पगारी नाही, तो त्या संघातल्याच एका मुलाचा बाप आहे. मागे सात-आठ पालक उभे आहेत. तो त्या लहान मुलाला उतरवेल का? बहुतेक वेळा नाही. तो त्याच्या दोन धिप्पाड मुलांना मागे उभं करेल आणि ‘काढ, काढ, लांब मार’ म्हणेल. तीन गुण मिळतील. या माणसाला वाईट म्हणण्यात अर्थ नाही. तक्ता ज्याची किंमत लावतो तेच तो करतो आहे.

आता तोच सामना, तेच शेवटचं दहा मिनिटांचं टोक, पण सोमवारी कुठे काहीच लागणार नाही. प्रशिक्षक तेव्हाही जिंकायला पाहीलच, मुलं तर पाहतीलच. पण हरण्याची किंमत उतरली आहे. लहान मुलाला उतरवून पाहायला, नेहमीच्या बचावपटूला पुढे खेळवायला, गोलकीपर बदलून पाहायला आता त्याला फारसं काही गमवावं लागत नाही. आठव्या वर्षी ‘हा बचावपटू’ असा शिक्का बसलेला मुलगा चौदाव्या वर्षीही तोच राहतो. आठव्या वर्षी तो बचावपटू का झाला, तर त्या वर्षी तो वर्गात सगळ्यात उंच होता म्हणून. पुढे बाकीचे त्याला गाठतात आणि त्याच्याकडे उंचीही राहत नाही, ड्रिब्लिंगही नसतं.

हे उंचीचं प्रकरण योगायोगाचं नाही आणि त्याचा पुरावा बेल्जियममधून आला. वयोगट ठरवायला कुठलीतरी तारीख लागते. बेल्जियममध्ये ती १९९७ पर्यंत १ ऑगस्ट होती, मग आंतरराष्ट्रीय प्रथेप्रमाणे १ जानेवारी झाली. लूव्हेनच्या विद्यापीठातले वेर्नर हेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बदलाआधीची आणि नंतरची मुलांची नोंदणी तपासली. आधी निवडलेल्या मुलांत ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये जन्मलेली मुलं वाजवीपेक्षा जास्त होती. तारीख बदलली आणि एकाच हंगामात पारडं जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेल्यांकडे झुकलं. एका वर्षात देशातल्या मुलांची गुणवत्ता काही बदललेली नव्हती. बदललं होतं ते इतकंच, की आता गटात कोण अकरा महिन्यांनी मोठं आहे. दहाव्या वर्षी अकरा महिन्यांत पाच-सहा सेंटिमीटरचा आणि दोन-तीन किलोंचा फरक पडतो. जिंकण्यासाठी आज निवड करणारा प्रशिक्षक या फरकाला गुण समजतो, कारण आजच्या सामन्यात तो खरोखरच गुण ठरतो.

अर्थात तक्ता काढला की हा पक्षपात नाहीसा होतो असं नाही. मोठ्या क्लबांच्या अकादम्या तक्त्याशिवायही मोठी दिसणारी मुलंच उचलतात. तक्ता काढून एवढंच होतं, की गल्लीतल्या क्लबला तसं करण्याचं एक मोठं कारण उरत नाही.

‘मुलांना हरायला शिकवा ना!’ हा आक्षेप इंग्लंडमध्ये झाला, जर्मनीत झाला, आपल्याकडेही होतो. त्यात एक गैरसमज आहे. सामना मोजला जात नाही असं कोणी म्हटलेलंच नाही. मुलं स्वतः गोल मोजतात. मैदानातून बाहेर येताना कुठल्याही सात वर्षांच्या पोराला विचारा, तो निकाल सांगेल, वर ‘तिसरा गोल खरं तर नव्हताच’ हेही सांगेल. इंग्लंडच्या नियमात लीगने निकाल गोळा करायला मनाई नाही. तुल्यबळ संघ एकमेकांसमोर यावेत म्हणून आयोजकांना ते लागतातच. शिवाय हंगामात काही आठवड्यांच्या छोट्या चषक स्पर्धा भरवायची मुभा आहे, त्यात जिंकणं-हरणं सगळं असतं. गेलेलं आहे ते सप्टेंबरपासून मेपर्यंत डोक्यावर टांगून राहणारं क्रमांकांचं ओझं. नोव्हेंबरमध्ये तळाला गेलेल्या संघातल्या पोराला पुढचे सहा महिने दर रविवारी आपण तळाला आहोत हे माहीत असतं. हरण्याची सवय लावण्याची ही रीत नाही. ती सोडून जायची रीत आहे.

नॉर्वे यात सगळ्यांच्या आधी होता. तिथल्या क्रीडा महासंघाने १९८७ मध्येच मुलांच्या खेळांसाठी नियम केले, ते फुटबॉलपुरते नाहीत, सर्व खेळांना लागू आहेत. मूल ज्या वर्षी अकराचं होतं त्याआधी गुणतक्ते आणि क्रमवाऱ्या नाहीत.

जर्मनीने मात्र २०२४-२५ च्या हंगामापासून याहून पुढचं पाऊल टाकलं आणि ते समजून घेण्यासारखं आहे. तिथे सगळ्यात लहान गटात दोन-दोन किंवा तीन-तीन असे खेळ होतात, गोलकीपर नसतो आणि मैदानावर चार छोटे गोल असतात, प्रत्येक बाजूला दोन. ही कल्पना होर्स्ट वाइन या प्रशिक्षकाची. ते मुळात हॉकीचे. त्यांनी या खेळाला ‘फुनिनो’ म्हटलं होतं. दोन गोल का? कारण एक गोल अडवला गेला की मुलाला मान वळवून दुसरा पाहावा लागतो. ‘मान वर कर’ असं शंभरदा ओरडून जे होत नाही, ते दोन गोल ठेवल्याने आपोआप होतं. गोल करायचा तर गोलजवळच्या ठरावीक पट्ट्यात यावं लागतं, म्हणून मध्यातून भिरकावण्यात फायदा नाही. गोल झाला की दोन्ही संघ ठरलेल्या क्रमाने एकेक खेळाडू बदलतात. कोणाला बाहेर बसवायचं हा निर्णयच प्रशिक्षकाकडे ठेवलेला नाही. एखादा संघ तीन गोलांनी मागे पडला तर त्याला एक खेळाडू जास्त उतरवता येतो.

सामने एकेकटे होत नाहीत. एका सकाळी पाच-सहा क्लब जमतात, बऱ्याच छोट्या मैदानांची रांग आखलेली असते. काही मिनिटांचा एक डाव होतो. जिंकलेला संघ एक मैदान वर सरकतो, हरलेला एक मैदान खाली. दोन-तीन डावांत असं होतं, की सगळ्यात भक्कम संघ एका टोकाला एकमेकांशी भिडलेले असतात आणि नवखी मुलं दुसऱ्या टोकाला नवख्यांशी. पंधरा-शून्य असा निकाल लागायला वावच राहत नाही. स्पर्धा काढून टाकली, असं जे म्हणतात त्यांनी ही सकाळ पाहावी. इथे दर काही मिनिटांनी जिंकायचं किंवा हरायचं असतं. तक्ता मैदानावरच तयार होतो, आणि दुपारी घरी जाताना मोडून टाकलेला असतो.

टीकाही तिखट झाली. बोरुसिया डॉर्टमुंडचे तेव्हाचे प्रमुख आणि जर्मन महासंघाचे उपाध्यक्ष हान्स-योआखिम वात्झके यांनी २०२३ मध्ये जाहीर टर उडवली, की आता पुढे आपण चेंडूशिवायच खेळू, किंवा चेंडू चौकोनी करू म्हणजे हळू धावणाऱ्या मुलांपासून तो पळून जाणार नाही. विनोद चांगला आहे. पण तीन-तीनच्या खेळात हळू मुलाला लपायला जागा नसते, हे त्यात सुटलं. गावाकडच्या क्लबांची तक्रार जास्त खरी होती: एका मोठ्या मैदानाऐवजी सहा छोटी आखायची, प्रत्येकी चार गोल आणायचे, आणि लक्ष ठेवायला तितकी माणसं कुठून आणायची?

या सगळ्यातून देश जिंकायला लागतो का, हा प्रश्न येतोच. इथे सावध राहिलेलं बरं. २८ ऑक्टोबर २०१७ रोजी कोलकात्यात इंग्लंडने स्पेनला ५-२ हरवून १७ वर्षांखालचा विश्वचषक जिंकला आणि फिल फोडेन सर्वोत्तम खेळाडू ठरला, तेव्हा अनेकांनी श्रेय २०१२ च्या सुधारणांना दिलं. तारखा जुळत नाहीत. फोडेनचा जन्म २००० चा. नवी रचना आली तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि मोठ्या क्लबच्या अकादमीत होता, जिथे छोटे खेळ आधीपासूनच होते. बेल्जियमचंही असंच सांगतात. २००० च्या युरो स्पर्धेत यजमान असून ते पहिल्याच फेरीत बाद झाले, मिशेल साब्लोन यांनी मुलांचे छोटे खेळ आणले, आणि २०१५ मध्ये देश जागतिक क्रमवारीत पहिला आला. यात सगळं खरं आहे, पण एडन हझार चौदाव्या वर्षीच फ्रान्समध्ये लीलला गेला होता आणि त्या पिढीचे काही बचावपटू नेदरलँड्समधल्या आयाक्समध्ये घडले. छोट्या मैदानामुळे विश्वविजेते तयार होतात असं सिद्ध झालेलं नाही. त्यावर प्रत्येक मुलाच्या वाट्याला चेंडू जास्त येतो, एवढं मात्र मोजून सिद्ध झालं आहे. माझ्या मते तेवढं कारण पुरेसं आहे, कारण क्लबात येणाऱ्या शंभरातल्या नव्याण्णव मुलांना कधी देशासाठी खेळायचंच नसतं.

छोट्या खेळाच्या मर्यादाही आहेत. लांब पास, हवेतला चेंडू, मोठ्या गोलमध्ये गोलकीपरने घ्यायची जागा, ऑफसाइडची रेषा या गोष्टी पाच-पाचमध्ये शिकता येत नाहीत. त्या तेराव्या-चौदाव्या वर्षी शिकवाव्या लागतात, आणि तेव्हा शिकता येतात. उलट क्रमाने जमत नाही. चौदाव्या वर्षी चेंडूची पकड शिकायला बसणारा मुलगा क्वचितच पुढे जातो. इंग्लंडने तर आता आणखी मागे सरकायचं ठरवलं आहे. २०२६-२७ च्या हंगामापासून अंडर-७ साठी तीन-तीनचा खेळ येतो आहे आणि पुढच्या पायऱ्या एकेक वर्षाने लांबवल्या आहेत, म्हणजे अकरा-अकरा अंडर-१४ पासून.

आपल्याकडे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१८ मध्ये ‘गोल्डन बेबी लीग’ सुरू केली. लहान वय, छोटी मैदानं, कमी खेळाडू, मुलं-मुली एकत्र, असाच तिचा सांगाडा होता. पण कागदावरचा सांगाडा आणि शनिवारची सकाळ यांत अंतर असतं. मुंबई-पुण्यात मुलं टर्फवर खेळतात, तेव्हा मैदान जागेच्या भाड्यामुळे आपोआपच छोटं असतं. तेवढ्यापुरतं काम झालेलं असतं. बिघडतं ते वेगळ्या ठिकाणी. पाच-पाचच्या जागेत आठ-आठ मुलं कोंबली जातात, कारण फी आठांची घ्यायची असते. दहा वर्षांखालच्या स्पर्धेलाही बादफेरी असते, त्यामुळे लांबून आलेला संघ पंधरा मिनिटं खेळून परत जातो. अंतिम सामन्याची रंगीत पोस्टर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, खाली ‘सर्वोत्तम खेळाडू, ५००० रुपये’. कोल्हापुरात किंवा गोव्यात, जिथे फुटबॉल पेठेपेठेत आणि वाड्यावाड्यांत मुरलेला आहे, तिथे मोठ्यांच्या सामन्यातली ईर्ष्या मुलांच्या सामन्यात उतरायला वेळ लागत नाही.

मूल फुटबॉलला जात असेल तर पालकांनी एक मोजणी स्वतः करावी. कुठल्याही एका सामन्यात घड्याळ लावून दहा मिनिटं फक्त आपल्या मुलाकडे पाहा आणि त्याने चेंडूला किती वेळा पाय लावला हे कागदावर रेघा मारून मोजा. मग पुढची दहा मिनिटं संघातल्या सगळ्यात शांत, सगळ्यात लहान मुलासाठी तेच करा. दुसऱ्या कागदावर दोन-तीनच रेघा पडल्या, तर प्रशिक्षकाला दोनच गोष्टी विचारा: मैदानावर मुलं कमी करता येतील का, आणि राखीव मुलांना ठरलेल्या वेळी आत-बाहेर करता येईल का? स्पर्धा भरवणारे ओळखीचे असतील, तर त्यांना तिसरी गोष्ट विचारा: दहा वर्षांखालच्यांसाठी बादफेरी रद्द करून प्रत्येक संघाला चार छोटे डाव देता येतील का? टर्फचं भाडं तेवढंच लागतं.